एकच ‘जप’, दोन उच्चार: कोडं रचणाऱ्याने फसवलं का?

कोडेवेडी (धरमपेठ):
आमच्या सोसायटीच्या दिवाळी पत्रिकेत शब्दकोडं होतं. त्यात एक आडवा शब्द: ‘आईने मुलांचा केलेला जप’, घरं तीन. आम्ही ‘प्रार्थना’ भरलं. मग ‘भाकर’ उभा आला, मधल्या घरात ‘भा’ बसला आणि सगळं खोडावं लागलं. छापलेलं उत्तर ‘सांभाळ’. सूचनेतला ‘जप’ देवाच्या नावाचा नाही, ‘जीवाला जप’ मधला आहे म्हणे. दोन्हींचा उच्चार वेगळा. वाचताना एक म्हणायचा आणि उत्तरासाठी दुसरा धरायचा, हे चालतं का?

महालकर:
नाही चालत. ही इंग्रजी कोड्यांची नक्कल आहे. मराठीत जसं लिहितो तसंच वाचतो, त्यामुळे एक स्पेलिंग आणि दोन उच्चार ही भानगडच आपल्याकडे नाही. इंग्रजीत ‘लीड’ म्हणजे पुढारी आणि ‘लेड’ म्हणजे शिसं, दोन्ही एकाच स्पेलिंगचे. तिथे फसायला जागा आहे. इथे ती मुद्दाम ओढून आणलेली आहे.

उभा-आडवा:
महालकर, बाकी अक्षरांबाबत तुमचं बरंचसं खरं आहे. पण च, ज आणि झ यांना ते लागू नाही. ‘जीव’ आणि ‘जोर’ एकापाठोपाठ म्हणून पाहा, जीभ दोन वेगळ्या जागी लागते. मास्तर लोक याला तालव्य आणि दंततालव्य म्हणतात. लिहिताना मात्र अक्षर एकच. म्हणून ‘जग’ हे विश्वही असतं आणि ‘तू शंभर वर्षं जग’ मधलंही असतं. ‘जरा’ म्हातारपणही आणि थोडंसंही. ‘जात’ जन्माची आणि ‘तो घरी जात होता’ मधली. यातलं काहीच इंग्रजीतून आलेलं नाही.

सोडवणाऱ्याला यातून एक खूण मिळते. ज किंवा च पुढे इ, ई, ए असेल तर उच्चार बहुतेक जीवातलाच होतो, तिथे संशय घ्यायचं कारण नाही. अ, आ, उ, ओ असेल तर थांबायचं आणि दोन्ही उच्चार करून बघायचे. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द सहसा जीवातला ज ठेवतो: जन, जल, जप. घरगुती क्रियापदं सहसा जोरातला घेतात: जगणे, जपणे, जाणे. अपवाद आहेत. ‘चार’ हा आकडा घरगुतीच, तरी त्याचा च तालव्य.

बर्डीवाला:
अरे मग ‘दिन’ आणि ‘दीन’ पण यातच येते ना भाऊ? दोन्ही बोलताना सेमच वाटते. मी तर दरवेळी ऱ्हस्व-दीर्घातच अडकतो. कोडं बनवणारे हेच करून राहिले आजकाल.

उभा-आडवा:
नाही, ते याच्या बरोबर उलटं झालं. तिथे आवाज सारखा आणि लिखाण वेगळं. असल्या सूचनेत ‘ऐकायला’, ‘कानावर येतं’ असा काहीतरी इशारा द्यावा लागतो, नाहीतर सोडवणाऱ्यावर अन्याय होतो. इथे लिखाण सारखं आहे, म्हणून इशारा लागत नाही. कागदावर जे छापलंय ते दोन्ही अर्थांना तंतोतंत खरं आहे.

इंग्रजीतली जुनी युक्ती बघा. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल. तेच स्पेलिंग ‘फ्लो’ला ‘अर’ लावून वाचलं तर वाहणारा, म्हणजे नदी. मी एक सूचना रचतो: ‘फ्लॉवर हेल्ड बाय ब्लाइंड अशर’, पाच अक्षरं. डोळ्यांसमोर फूल धरलेला आंधळा द्वारपाल येतो. पण ‘हेल्ड बाय’ सांगतं की उत्तर पुढच्या दोन शब्दांच्या पोटात आहे. ब्लाइंडमधली शेवटची अक्षरं आय, एन, डी आणि अशरमधली पहिली यू, एस. झालं इंडस, म्हणजे आपली सिंधू. वाहणारीच की. अफ्रिट या टोपणनावाच्या ब्रिटिश कोडेकाराने 1949 मध्ये नियम सांगितला, त्याचा आशय असा: मी म्हणतो तोच माझा अर्थ असला पाहिजे असं नाही, पण जो अर्थ आहे तो माझ्या शब्दांतून निघालाच पाहिजे.

हेच देवनागरीत लिहिलं की दोन्ही उच्चार वेगळे दिसतात आणि फसवणूक उघडी पडते. आपल्या लिपीत अशी लपायला जागा मुख्यतः च, ज, झ मध्येच उरते.

महालकर:
च-ज चं मान्य. पण त्याने माझा आक्षेप जात नाही. ‘वाहणारा’ या अर्थाने ते फ्लॉवर कोण बोलतो? कोड्यापुरता शब्द जुळवायचा आणि वर खरं बोलल्याचा दावा करायचा! ‘लेड’ निदान बाजारात मिळतं.

उभा-आडवा:
हा फरक खरा आहे. काही कोडेकारही जुळवलेले शब्द टाळतात आणि शब्दकोशात ज्याची वेगळी नोंद आहे तेच घेतात. मला नदी चालते, कारण ‘अर’ लावून कर्ता करणं त्या भाषेच्या रोजच्या सवयीत आहे. तुम्हाला नाही चालली तर मी भांडणार नाही. ‘जप’ला मात्र हा आक्षेप लागत नाही, दोन्ही शब्द घरोघरी बोलले जातात.

इतवारीची सून:
माझं वेगळंच. सासऱ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रोज दुपारी मी कोडं मोठ्याने वाचते आणि ते सोडवतात. अशी सूचना आली की मला तोंड उघडण्याआधीच उच्चार ठरवावा लागतो. देवाचा जप म्हटला की ते चुकीच्या वाटेने जातात. दुसरा म्हटला की उत्तर हातात दिल्यासारखं होतं. आमच्यासाठी हे कोडंच राहत नाही.

उभा-आडवा:
ताई, याला माझ्याकडे पक्का उपाय नाही. तेवढा शब्द अक्षरं सुटी करून सांगता येईल, ‘ज आणि प’ असा. पण सुटा केला की संशयही तिथेच जातो.

बर्डीवाला:
एक सांगू का? मी हिंदी शाळेत शिकलो. माझ्या तोंडात दोन्ही ‘ज’ सारखेच निघतात, घरचे हसतात. मला ‘सांभाळ’ दोन मिनिटांत आलं.

उभा-आडवा:
पटतं. ही युक्ती कानातून फसवते. ज्याला दोन ज वेगळे ऐकू येत नाहीत, त्याच्यासाठी तो साधा दोन अर्थांचा शब्द. आपल्या नागपुरात असे बरेच सापडतील.

आता मूळ सूचनेबद्दल. उच्चारात खोट नाही, खोट दुसरीकडे आहे. अशा सूचनेचे दोन तुकडे पडतात आणि प्रत्येकाने एकट्याने उत्तराकडे न्यायला हवं. ही सूचना ‘जप’च्या आधी कापा. उरतं ‘आईने मुलांचा केलेला’. हे लोंबकळतं, काय केलेला? नाम नाही. उजवीकडचा ‘जप’ ठीक आहे: ‘जप!’ म्हणजे ‘सांभाळ!’, दोन्ही एकाच माणसाला केलेल्या आज्ञा. डावी बाजूही तशीच स्वतःच्या पायावर उभी हवी. ‘आईने मुलांचा केला तो जप’ असं लिहिलं असतं तर ‘आईने मुलांचा केला तो’ म्हणजे सांभाळ, नामाच्या जागी चपखल. ‘आईने मुलांचा जप केला’ लिहिलं असतं तर शेवटचं ‘केला’ कुठेच बसलं नसतं आणि मी स्वतः तक्रार केली असती.

कोडेवेडी (धरमपेठ):
कापून बघायचं सुचलंच नव्हतं. ‘केलेला’ मलाही खटकत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. ‘केला तो’ असतं तर मी हार मानली असती.

महालकर:
मी तरीही नसती मानली. ‘केला तो जप’ वाचताना माझ्या तोंडून देवाचाच जप निघणार. जो शब्द मी उच्चारलाच नाही, त्याचा अर्थ मला विचारू नका. इतवारीच्या ताईंच्या घरी जे होतं, तेच माझ्या डोक्यात होतं.

उभा-आडवा:
छापील कोडं डोळ्यांसाठी असतं, महालकर.

महालकर:
मराठी माणूस डोळ्यांनी वाचतानाही कानाने ऐकत असतो. पुढच्या पत्रिकेचं कोडं मी रचतो म्हणून संपादकांना कळवलंय. त्यात ज असेल, पण एकाच उच्चाराचा.