फळीवरच्या बाटल्यांचा फोटो टाकलाय, यातून साधं रूटीन लावून द्याल का?

अनगोळची_पूर्वा
नमस्कार मंडळी. बाथरूमच्या फळीचा फोटो जोडलाय. डावीकडून सांगते: सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, अक्रोडाचा स्क्रब, ग्लायकोलिक टोनर, व्हिटॅमिन सी सिरम, नायसिनामाइड सिरम, रेटिनॉल सिरम, कोरफडीचं जेल, डबीतलं मॉइश्चरायझर, एसपीएफ ५०चं सनस्क्रीन, कोळशाचा पील-ऑफ मास्क. मागे काही छोट्या ट्यूब आहेत, त्या सोडून द्या.

वय २६. अनगोळहून कॅम्पात ऑफिसला स्कूटीवरून ये-जा. कपाळ आणि नाक तेलकट, गाल मात्र लाल नि कोरडे. हल्ली साधं पाणी लागलं तरी गाल चुरचुरतात, हनुवटीवर बारीक पुळ्या येतात. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य आहे. यातलं काय ठेवू, कशावर काय लावू? नवीन काही घ्यायचं नाहीये, आहे त्यातूनच सांगा.

खानापूरची_मावशी
बाळा, ते सगळं फळीवरून खाली काढ बघू. आमच्याकडं एवढा पाऊस, एवढी दमट हवा, कुणाला एवढ्या बाटल्या लागल्या नाहीत. चेहरा चुरचुरतोय म्हणजे त्याला विश्रांती पाहिजे. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ सायीत कालवून लाव, वर चार थेंब लिंबू पिळ. पंधरा दिवसांत डाग जातात.

सिरम_वाला_दादा
लिंबू नको मावशी. पण बाटल्या टाकायचीही गरज नाही, क्रम चुकतोय एवढंच. सकाळी फेसवॉश, सी सिरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री एक दिवस ग्लायकोलिक, दुसऱ्या दिवशी रेटिनॉल, तिसऱ्या दिवशी नुसतं नायसिनामाइड. सी आणि नायसिनामाइड एकावर एक कधीच लावायचं नाही, दोघांचा परिणाम जातो. चुरचुर होणं म्हणजे ॲसिड काम करतंय, थोडे दिवस सोस.

निपाणीचा_फार्मासिस्ट
पूर्वा, फोटो मोठा करून बघितला. कुठली वस्तू किती वापरली गेलीय ते बाटलीकडं बघून कळतं. तुझ्या सनस्क्रीनची ट्यूब अजून फुगलेली आहे, मॉइश्चरायझरची डबी जवळजवळ भरलेली दिसते. सी सिरमचा रंग चहासारखा तपकिरी झालाय, म्हणजे ते हवेनं खराब झालंय, ते टाकून दे. आणि कोरफडीच्या जेलमागं एक छोटी पांढरी ट्यूब शेपटीपासून गुंडाळत गुंडाळत तोंडापर्यंत आलीय. फळीवर सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू तीच आहे आणि तू नेमकी तीच सोडून द्यायला सांगितलीस. तिच्या मागच्या बाजूचा फोटो टाक. बाकीचं त्यानंतर बोलू.

अनगोळची_पूर्वा
काका, ती मेडिकलमधून आणलेली क्रीम आहे, रात्री लावते. गेल्या दिवाळीच्या आधी मावसबहिणीनं दिली, रंग उजळला म्हणून पुढं मीच आणत गेले. औषध म्हणून ती रूटीनमध्ये धरली नव्हती. मागं लिहिलंय: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. दोन दिवस नाही लावली की चेहरा लालभडक होतो, पुन्हा लावली की शांत होतो. म्हणून चालू ठेवलीय.

निपाणीचा_फार्मासिस्ट
मग आता ट्यूबबद्दलच आधी.

यातलं मोमेटासोन हे स्टेरॉईड. ते लालपणा आणि खाज दाबतं, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत चेहरा नितळ दिसतो. हायड्रोक्विनोन रंग फिका करतं. ट्रेटिनॉइन हे तुझ्या रेटिनॉलचंच जास्त जोरकस भावंड आहे. म्हणजे सिरम लावत असशील तर एकाच रात्री तेच काम दोनदा होतंय. असं तिहेरी मिश्रण डॉक्टर वांगाच्या डागांसाठी देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी, साधारण आठच्या आसपास, आणि मध्ये तपासायला बोलावतात. वर्षभर चेहऱ्यावर लावायचं ते नव्हे. तसं केलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुळ्या येतात, गालावर लव वाढते. आणि क्रीम थांबवली की चेहरा पेटल्यासारखा होतो. तू दोन दिवसांनी बघतेस ते हेच. क्रीम गुणकारी आहे म्हणून तो शांत होत नाही, त्याला तिची सवय लागलीय म्हणून होतो.

आणखी एक. अशा स्टेरॉईड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत हा नियम 2018 साली आला. तरी काउंटरवरून सहज मिळतात, हे मी याच धंद्यात असून सांगतोय.

अनगोळची_पूर्वा
काका, घाबरायला झालं. आजपासून बंद करू का?

वडगावची_ज्योती
मी सिस्टर आहे, त्वचेच्या ओपीडीत बरीच वर्षं काढलीत. पूर्वा, आजच्या आज फेकून देऊन घरी बसू नकोस. वर्षभर लावलेली क्रीम एकदम थांबवल्यावर काही दिवसांत जो भडका उठतो तो आठवड्यांनी उतरतो, काहींचा महिने चालतो. त्या भडक्यात घाबरून बायका पुन्हा तीच ट्यूब आणतात, असं मी खूप बघितलंय. डॉक्टर काही जणींना हळूहळू सोडवतात, आधी सौम्य स्टेरॉईड, मग दिवसाआड, मग बंद. सिव्हिलला त्वचेची ओपीडी आहे, केएलईतही आहे. आधी दाखव.

निपाणीचा_फार्मासिस्ट
सिस्टर, दाखवायचंच हे खरं. पण ओपीडीला जाईपर्यंत तिनं रोज लावत राहावं हे मला पटत नाही. मी बघितलेले काही डॉक्टर चेहऱ्यावरची ही क्रीम सरळ बंद करतात आणि भडक्यासाठी स्टेरॉईड नसलेलं मलम देतात.

वडगावची_ज्योती
दोन्ही पद्धती बघितल्यात. कातडी किती पातळ झालीय ते हाताखाली बघूनच ठरतं. म्हणूनच म्हणते, फोटोवरून नको. याच आठवड्यात जा.

संकेश्वरचा_रवी
माझा मुलगा दहावीला आहे, त्याच्या गालावर मोठमोठ्या पुटकुळ्या आल्यात. या फोटोतलं कुठलं त्याला चालेल? ती पांढरी ट्यूब लगेच फरक पाडते म्हणताय ना, कुठल्या मेडिकलात मिळते?

निपाणीचा_फार्मासिस्ट
रवीदादा, ती ट्यूब मुलाला अजिबात नको. स्टेरॉईडनं पुटकुळ्या चार दिवस दबतात, मग जास्त येतात. मोठ्या आणि दुखऱ्या असतील तर व्रण राहतात, त्याला डॉक्टरांकडंच न्या. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, मी लिहीन तिथं.

अनगोळची_पूर्वा
सोमवारी सकाळी जाते. तोवर बाकीच्या फळीचं काय करू?

निपाणीचा_फार्मासिस्ट
बाटल्यांवरची नावं विसर आणि कामं बघ. तुझ्याकडं कातडीचा वरचा थर सोलून काढणाऱ्या वस्तू किती आहेत? फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक, टोनरमध्ये ग्लायकोलिक, अक्रोडाचा स्क्रब, सोलून काढायचा कोळशाचा मास्क. त्यात रेटिनॉल आणि ट्यूबमधलं ट्रेटिनॉइन. घराच्या भिंतीवरचा गिलावा रोज खरवडायचा आणि पावसाला पुढं करायची, असं चाललंय. ओलावा आत धरून ठेवणारा थर उरला नाही की साधं पाणीही झोंबतं. म्हणून दादा म्हणतात तसं चुरचुर सोसायची नाही. ॲसिड लावल्यावर मिनिटभर किंचित झिणझिण झाली तर चालते. पाणी लागून चुरचुरणं वेगळं, ती थांबायची खूण आहे.

तेव्हा स्क्रब, मास्क, टोनर आणि रेटिनॉल एका पिशवीत बांधून कपाटात ठेव. सॅलिसिलिकचा फेसवॉशही आता नको. सकाळी नुसत्या कोमट पाण्यानं तोंड धू, रात्री बिनवासाचा, फेस कमी येणारा एखादा साधा क्लिन्झर वापर. नवीन घ्यायचं नाही म्हणालीस, पण ही एक वस्तू मी तुला घ्यायला लावतोय. चेहरा टिपून थोडा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लाव. रात्रीचं रूटीन एवढंच. सकाळी त्यावर सनस्क्रीन.

सनस्क्रीन किती? तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढायच्या, तेवढं चेहरा आणि मानेला. रोज एवढं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिन्यात संपायला पाहिजे. तुझी फुगलेली आहे, म्हणजे तू वाटाण्याएवढं लावतेस. तेवढ्यात एसपीएफ ५० मिळत नाही. ढग असले तरी लाव. ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉईड लावलेल्या कातडीला ऊन जास्त बाधतं आणि डाग पुन्हा गडद होतात.

सिरम_वाला_दादा
बरं. पण नायसिनामाइड तर सौम्य आहे, ते का काढायचं?

निपाणीचा_फार्मासिस्ट
सौम्य आहे, खरंय. आणि सी बरोबर चालत नाही ही समजूत जुनी आहे, आताच्या सिरमांत दोन्ही एकत्रही मिळतात. पण तिच्या बाटलीवर १० टक्के लिहिलंय आणि फाटलेल्या कातडीवर तेही झोंबू शकतं. दुसरं कारण म्हणजे एका वेळी पाच गोष्टी चालू असतील तर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं ते कधीच कळत नाही. पाणी झोंबायचं बंद झालं, गाल सुकले नाहीत, असे सलग तीन-चार आठवडे गेले की डॉक्टरांना विचारून एकच वस्तू परत आणायची. माझ्या मते आधी नायसिनामाइड, दिवसाआड. ते पंधरा दिवस मानवलं तर पुढचं.

खानापूरची_मावशी
आणि माझं पीठ?

वडगावची_ज्योती
मावशी, चेहऱ्याला विश्रांती द्या हे तुमचं सगळ्यात आधी बरोबर निघालं. पीठ मात्र चेहरा बरा झाल्यावर, आणि चोळून नको. लिंबू कधीच नको, ते आंबट असतं आणि त्यावर ऊन पडलं की चट्टे उठतात. आमच्याकडं लिंबू लावून भाजल्यासारखे गाल घेऊन आलेल्या पोरी बघितल्यात मी.

खानापूरची_मावशी
आमच्या घरी तर कायम लावलंय गं, कुणाला काही झालं नाही. पण असू दे, सिस्टर म्हणतात तर पूर्वानं नको लावायला.

अनगोळची_पूर्वा
पिशवी बांधली. फळीवर आता डबी, सनस्क्रीन आणि कोरफडीचं जेल. जेल राहू दे ना?

निपाणीचा_फार्मासिस्ट
मागं वाच. वास किंवा अल्कोहोल असेल तर तेही पिशवीत. आणि ओपीडीला जाताना ती ट्यूब सोबत ने, संपलेल्या जुन्या असतील तर त्याही. दोन वेगवेगळ्या ट्यूबांत स्टेरॉईड कमी-जास्त जोराचं असू शकतं. कधी सुरू केलीस, रोज की आठवड्यातून, किती लावायचीस ते एका कागदावर लिही. गरोदर असशील किंवा तसा विचार असेल तर तेही आधीच सांग, ट्रेटिनॉइन आणि रेटिनॉल दोन्ही त्या काळात वर्ज्य असतात.

वडगावची_ज्योती
आणि त्या दिवशी चेहऱ्याला काही लावून जाऊ नकोस, पावडरसुद्धा नको. डॉक्टरांना शिरा आणि लाली नीट दिसली पाहिजे.

अनगोळची_पूर्वा
ठीक आहे ताई. घरात शोधल्यावर आणखी दोन रिकाम्या ट्यूब सापडल्या, त्यातल्या एकीवर मोमेटासोनच्या जागी फ्लुओसिनोलोन लिहिलंय. दोन्ही घेऊन जाते. काय सांगितलं ते इथंच लिहीन.