मदत हवी आहे : मुलाखतीच्या मधल्या टप्प्यावर माघारीचा मेल

अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी भावाच्या दोन फेऱ्या झाल्यात. प्लँट हेडसोबतची शेवटची फेरी गुरुवारी आहे, ऑफर लेटर अजून नाही. घरच्या आजारपणामुळे त्याला माघार घ्यायची आहे. मुलाखतीचं बोलावणं आलं त्याच मेलला उत्तर द्यायचं, म्हणजे एचआरला आधीचा संदर्भ शोधावा लागत नाही, हे ठरलंय. मसुदा असा:

‘नमस्कार मॅडम, कौटुंबिक कारणामुळे क्वालिटी इंजिनिअर पदासाठीची माझी उमेदवारी मी मागे घेत आहे. गुरुवारच्या मुलाखतीला येणार नाही. कृपया ती वेळ रद्द करावी. दोन्ही फेऱ्यांसाठी दिलेल्या वेळेबद्दल आभार.’

‘सध्या जमणार नाही’ असं मुद्दाम टाळलंय. त्यावर हमखास ‘मग पुढचा सोमवार चालेल का?’ असा फोन येतो. आजाराचा तपशीलही नाही, कारण मेल पॅनेलमधल्या सगळ्यांकडे फिरतो.

अडलंय दोन ठिकाणी. ‘पुढे जागा निघाल्यास विचार व्हावा’ हे वाक्य घातलं तर माघार कच्ची वाटेल का? आणि ज्या ओळखीच्या साहेबांनी नाव सुचवलं, त्यांना मेलच्या आधी फोन करावा की मेल गेल्यावर? एचआरमध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगा. मेल उद्या सकाळीच पाठवायचा आहे.