प्लायच्या थप्पीचं वजन कसं काढायचं? (लिफ्ट 400 किलोची)

तिसरामजला: 8×4 फुटी प्लाय वर न्यायचाय. 18 मिमीच्या 30 शीट, 6 मिमीच्या 10. लिफ्टवर 400 किलो लिहिलंय, स्लॅबची मर्यादा चौरस मीटरला 200 किलो. एका खोलीत एकच थप्पी लावली तर चालेल?

रंधा: शीटला 30 किलो धरा, काम सोपं.

गुण्या: रंधा, 18 मिमीचा हलका प्लाय असेल तर ठीक. कडक लाकडाचा 37 किलोलाही जातो. घनता साधारण घनमीटरला 500 ते 700 किलो, खात्री नसेल तर 650 धरा. क्षेत्रफळ 2.98 चौ.मी., त्याला मिमीतल्या जाडीने आणि 0.65 ने गुणा: 18 मिमीची शीट जवळपास 35 किलो, 6 मिमीची 11.6. सगळा माल मिळून 1160 किलोच्या आसपास.

त्याहून चांगलं म्हणजे एक शीट उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि आकड्यातून स्वतःचं वजन वजा करा. ओलसर माल लगेच कळतो.

सुगरण_सुतार: माझ्या कपाटाची फळी पुस्तकांनी वाकली, तिला 18 चालेल का?

गुण्या: ताई, तो वाकण्याचा प्रश्न, वेगळा धागा काढा.

लिफ्टमध्ये माणसं आणि ट्रॉलीही मोजायची. दोन माणसं 140, ट्रॉली 25, उरले 235. म्हणजे फेरीला 18 मिमीच्या सहाच शीट. सातवी घातली की 410 होतात. आणि आधी टेप लावा. शीट 2.44 मीटर लांब, बऱ्याच लिफ्टमध्ये ती तिरकी करूनही बसत नाही. मग जिना.

स्लॅबसाठी शीटची लांबी-रुंदी विसरा. आडव्या थप्पीखाली चौरस मीटरला येणारा भार म्हणजे थप्पीची उंची गुणिले घनता. तुमची थप्पी 60 सेमी होते: 0.6 × 650 = 390. मर्यादेच्या जवळपास दुप्पट! दोन थप्प्या केल्या तरी 195, अगदी काठावर. तीन करा, 130 वर येईल.

रंधा: पण 200 हा आकडा अख्ख्या खोलीचा सरासरी असतो ना? बाकी खोली रिकामी असेल तर मधे 390 ने काय होतंय?

गुण्या: तसं म्हणणारे भेटतात. पण थप्पी गाळ्याच्या मधोमध आहे की तुळईलगत, त्यावर बरंच अवलंबून. छापील आकड्यावरून मी तरी हो म्हणणार नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारा.

तिसरामजला: मग भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर? जागाही वाचेल.

गुण्या: उलट वाईट. तेच 1160 किलो खालच्या कडेच्या अरुंद पट्टीवर येतात, शिवाय भिंतीला रेटा. आडव्याच ठेवा, खाली लाकडी पट्ट्या जवळजवळ टाका. दोनच पट्ट्या टाकल्या तर सगळं ओझं त्या दोन रेघांवर येतं.

तिसरामजला: ठीक. तुळई कुठून जाते ते छताला फॉल्स सीलिंग असल्यामुळे खालून दिसत नाही. कसं शोधू?