मदत हवी आहे: यू-नळीतल्या पाण्याचा दोलनकाळ 1.55 ऐवजी 1.68 सेकंद का येतोय?

सुकन्या_केमिकल

नमस्कार. मी पुण्यात केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवार पेठेतून गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणला, आतला व्यास 8 मिमी. तो फळीवर यू आकारात बांधून सिरिंजने 60 मिली पाणी भरलं, म्हणजे पाण्याची एकूण लांबी L सुमारे 1.2 मीटर झाली. एका तोंडात फुंकून पाणी 6 सेंमी वर चढवलं आणि सोडून दिलं.

गणित असं केलं. एका बाजूला पाणी h चढतं, दुसरीकडे तेवढंच उतरतं. म्हणजे h उंचीचा तुकडा एका नळीतून काढून दुसरीत h ने वर ठेवल्यासारखं झालं. K ही गतिज ऊर्जा, Φ ही स्थितिज ऊर्जा, ρ घनता आणि A नळीचं छेदक्षेत्र.

```
K = ½ρALv²      Φ = ρAgh²
d(K + Φ)/dt = 0
L h'' + 2g h = 0
T = 2π√(L/2g) = 1.55 s
```

मोबाइलवर व्हिडिओ काढून फ्रेम मोजल्या, तर पाचही वेळा 1.67 ते 1.69 सेकंद आले. माथ्याची उंची 6, 3.4, 1.9, 0.9 सेंमी अशी घटत गेली. पाइप वाकवलाय तिथे पाणी अडतं का? सबमिशन सोमवारी आहे, पण मला खरंच हे समजून घ्यायचंय.

निखिल_मेक

घर्षण धरलं नाहीस म्हणून. ऊर्जेच्या समीकरणात उजवीकडे शून्य नाही, घर्षणात जाणारी ऊर्जा येते, आणि दोलन मंदावलं की काळ वाढतो. शिवाय पाइपमध्ये प्रवाह लॅमिनार आहे. वेगाचा आलेख पॅराबोलिक, म्हणून K ला 4/3 ने गुण. T 1.80 येईल. बाकीची मोजण्यातली चूक.

साइटवरचा_दत्ता

ताई, पाइपमध्ये हवेचा बुडबुडा अडकला असेल. आमच्या बाणेरच्या साइटवर दहा मीटरच्या लेव्हल पाइपमध्ये असंच झालं होतं, एका बाजूचं पाणी दोन बोटं वर दिसत होतं आणि अख्खी प्लिंथ परत तपासावी लागली. पाइप बोटांनी टिचक्या मारत वर धरा, बुडबुडा निघून जातो. आणि घाईत खूण करू नका, पाणी थांबायला वेळ लागतो.

सुकन्या_केमिकल

दत्तादादा, बुडबुडा नाही, उजेडासमोर धरून पाहिलं. तुमच्या दहा मीटरला माझ्या सूत्राने एका हेलकाव्याला साडेचार सेकंद येतात, म्हणून थांबावं लागत असणार. निखिल, पाच वेळा मोजूनही 1.80 च्या जवळपास एकदाही आलं नाही रे.

प्रवाही

सुकन्या, तुझं मोजमाप चांगलं आहे, त्यावर विश्वास ठेव. वाकणामुळे एवढा फरक पडणार नाही.

निखिलची दिशा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी घसरलाय. तुझ्या आकड्यांवरून दर हेलकाव्याला उंची साधारण 0.56 पट होते. एवढ्या मंदावण्याने काळ अर्ध्या टक्क्यानेही वाढत नाही. तुझा फरक आठ टक्के आहे. म्हणजे तो घर्षणातून थेट आलेला नाही, K मधून आलाय.

आता K. पॅराबोला तयार व्हायला भिंतीचा परिणाम नळीच्या मध्यापर्यंत पोचावा लागतो. त्याला R²/ν च्या मापाचा वेळ लागतो, R म्हणजे नळीची त्रिज्या आणि ν म्हणजे पाण्याची गतिक श्यानता. 4 मिमी त्रिज्येला आणि 27 अंशांच्या पाण्याला अठरा-एकोणीस सेकंद. तुझं पाणी तर पाऊण-पाऊण सेकंदाला दिशा बदलतं. त्यामुळे भिंतीलगतचा पातळ थर रेंगाळतो आणि मधला गाभा जवळजवळ एकसंध सरकतो.

त्या थराची जाडी δ = √(2ν/ω), ω म्हणजे 2π/T, इथे 0.67 मिमी. गाभ्याला सरासरीपेक्षा जास्त वेगाने जावं लागतं, म्हणून पाण्याचं परिणामी जडत्व साधारण (1 + δ/R) पट होतं, म्हणजे 1.17. काळ त्याच्या वर्गमुळाने वाढतो: 1.55 × 1.08 = 1.68.

पॅराबोला खरा असता तर दोलन खूप हळू मेलं असतं, 6 नंतर 4.5 सेंमी दिसायला हवं होतं. तुला 3.4 दिसले. पातळ थरात वेगाचा उतार तीव्र असतो, म्हणून ऊर्जा जास्त जाते. हाच पुरावा रिपोर्टमध्ये लिही.

निखिल_मेक

मग 4/3 कधीच वापरायचं नाही?

प्रवाही

वापरायचं, पण थर नळीभर पसरेल इतकं अरुंद किंवा चिकट असेल तेव्हा. तिथे बहुतेक वेळा पाणी हेलकावतच नाही, सरळ पातळीला येऊन थांबतं. सुकन्या, 20 मिमीच्या नळीत L तेवढीच ठेवून बघ. 1.60 च्या आसपास यायला हवं. पाणी मात्र सिरिंजने 380 मिलीच्या जवळपास लागेल.

सुकन्या_केमिकल

हे कळलं! एकच राहिलं. 0.56 ने गुणत गेलं तर चौथा माथा 1.05 यायला हवा, मला 0.9 मिळाला. आणि शेवटी पाणी एकदम थबकतं, हळूहळू थांबत नाही.

प्रवाही

भिंतीवर पाण्याची कड चिकटत असावी. प्लास्टिक पाण्याने नीट ओलं होत नाही, आणि उंची कमी झाली की तो अडथळा तुलनेने मोठा ठरतो. पण खात्रीने सांगत नाही. पाइप साबणाने धुऊन, खळखळून परत मोज, फरक पडतो का कळव.

सुकन्या_केमिकल

आज रात्रीच धुते. 20 मिमीची नळी उद्या शोधते.