शब्दचर्चा : ‘शहरी पीतज्वर’ नेमकं कशाला म्हणायचं?

वनमाला
ब्राझीलमधल्या २०१६-१८ च्या पीतज्वराच्या साथीवरचा एक लेख मराठीत आणतेय. ऑक्टोबर २०१७ मध्ये साओ पावलोच्या उत्तर भागातल्या होर्तो फ्लोरेस्ताल उद्यानात हाउलर जातीचं माकड मेलेलं सापडलं, पीतज्वर निघाला, उद्यान बंद झालं. लेखक याला ‘सिल्व्हॅटिक’ म्हणतो. पण हे उद्यान महानगराच्या हद्दीत आहे! मग ‘जंगली’ कसं लिहू? शिवाय ‘जंगली पीतज्वर’ म्हटलं की तापच रानटी असल्यासारखं वाटतं.

अरविंद_ठाणे
सोपं आहे. शहरात सापडला तर शहरी, रानात सापडला तर वन्य. रोग तोच, डास तोच.

कीटकवाली
रोग तोच हे बरोबर, विषाणूत फरक नसतो. डास मात्र तोच नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. ब्राझीलच्या रानात हा विषाणू हीमॅगॉगस आणि साबेथेस या डासांमधून माकडांत फिरतो. हे डास झाडांच्या शेंड्याकडे राहतात आणि झाडांच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात वाढतात. लाकूडतोड्या झाड पाडतो तेव्हा शेंड्यावरचे डासही त्याच्यासोबत खाली येतात आणि त्यालाच चावतात. तो माणूस पुढे शहरातल्या दवाखान्यात दगावला, तरी त्याचा ताप वन्य चक्रातलाच. होर्तो फ्लोरेस्ताल तर रानाला लागूनच आहे.
‘शहरी’ कधी म्हणायचं? माणसाकडून माणसाकडे विषाणू नेणारा डास एडिस इजिप्ती असेल आणि मध्ये माकड लागतच नसेल, तेव्हा. म्हणजे ‘शहरी’ हा रुग्णाचा पत्ता नव्हे, साखळीचा प्रकार आहे.

राजू_पाटील
एडिस म्हणजे डेंगूवालाच ना? आमच्याकडे पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत असतो तोच?

कीटकवाली
तोच. म्हणून तर धोका बदलतो. हीमॅगॉगस तुमच्या घरात राहायला येत नाही. रानाजवळ गेलात तरच गाठ पडते. एडिस घरातच असतो, दिवसा चावतो, आणि पोट भरायच्या आत कुणी हाकललं की लगेच दुसऱ्याला चावतो. त्यामुळे एका डासापासून एकाच घरातली दोघं-तिघं आजारी पडू शकतात. आजाराच्या सुरुवातीच्या काही दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो, तेव्हा चावलेला डास साधारण दहाएक दिवसांनी विषाणू पुढे द्यायला लागतो आणि मरेपर्यंत देत राहतो.

अरविंद_ठाणे
पण रुग्ण शहरातच पडलाय म्हटल्यावर त्याला कुठला डास चावला हे कळणार कसं? डास काही साक्ष द्यायला येत नाही.

कीटकवाली
रुग्ण कोण आहेत ते बघायचं. ब्राझीलच्या त्या साथीत बहुतेक रुग्ण प्रौढ पुरुष होते, रानाच्या आसपास कामाला जाणारे, आणि माणसं आजारी पडण्याआधी तिथली माकडं मरत होती. घराघरात बायका-पोरंही आजारी पडली असती, तर चित्र वेगळं दिसलं असतं. विषाणूंच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्याचाही कौल रानाकडेच. लोकांनी मात्र माकडंच रोग पसरवतात समजून त्यांना मारायला सुरुवात केली, म्हणजे आधी इशारा देणाऱ्यालाच मारलं!
याउलट अंगोलाची राजधानी लुआंडा. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या वियाना भागात साथ सुरू झाली ती एडिसमुळे, दाट वस्तीत. तिथून ती काँगोच्या किन्शासापर्यंत गेली. लस पुरेना, म्हणून ऑगस्ट २०१६ मध्ये किन्शासात नेहमीच्या डोसाचा पाचवा हिस्सा टोचला. अंगोलातून परतलेले ११ रुग्ण चीनमध्ये सापडले.

स्मिता_नाशिक
माझा भाऊ केनियाला निघालाय, त्याला पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागेल म्हणतात. रानात तो जाणार नाही, ऑफिसचं काम आहे. मग कशाला?

कीटकवाली
स्मिता, चर्चा वेगळी आहे, पण सांगते. परतताना इथल्या विमानतळावर दाखला मागतात. लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्यायला सांगा, कारण दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. भारतात पीतज्वर नाही, एडिस मात्र भरपूर आहे, म्हणून ही कडकाई.

वनमाला
मग ब्राझीलमध्येही एडिस भरपूर असताना शहरी साखळी का सुरू झाली नाही?

कीटकवाली
यावर एकमत नाही. लसीकरण हे एक कारण, पण पूर्ण उत्तर नव्हे. ब्राझीलमध्ये शेवटचा शहरी प्रसार १९४२ चा. मात्र पॅराग्वेत २००८ मध्ये आसुन्सियोनजवळच्या सान लोरेन्झोत एडिसमुळे रुग्ण झाले होते, म्हणजे होतच नाही असं नाही.

अरविंद_ठाणे
साखळीचं कळलं. पण ‘शहरी’ वाचून वाचक पत्ताच समजणार. ‘एडिसजन्य’ लिहा.

वनमाला
सिल्व्हॅटिकला ‘वन्य चक्र’ पक्कं करते. ‘एडिसजन्य’ जरा जड वाटतंय. आणि आफ्रिकेत गवताळ प्रदेशातल्या गावांजवळ माकडं नि माणसं दोघांनाही चावणाऱ्या डासांचं जे मधलं चक्र आहे, त्याला काय म्हणायचं ते राहिलंच.