मदत हवी आहे: मैत्रिणीच्या ६४ पानी प्रकल्पाचे मुद्रितशोधन प्रथमच करते आहे

खाडीकाठची (मालवण)
नमस्कार. माझ्या मैत्रिणीने पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सिंधुदुर्गातील रापण संघांवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरणाऱ्या गटांवर, प्रकल्प लिहिला असून तो सादर करायला आठ दिवस उरले आहेत. माझे मराठी बरे आहे, या समजुतीने तिने तपासणीचे काम माझ्याकडे सोपवले. मी दोनदा सर्व पाने वाचली, पण दुसऱ्या वाचनात पहिल्या खेपेला सुटलेल्या इतक्या चुका सापडल्या की तिसऱ्या वाचनाची धास्तीच वाटते आहे. सर्वाधिक होणाऱ्या चुका नेमक्या कशा हेराव्यात? नमुन्यादाखल एक वाक्य जसेच्या तसे देते:

"सन १९८१ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातिल रापण संघाच्या बोटीचे वादळा मुळे नुकसान झाले असुन त्यांना भरपाई मिळाली नाही असे दिसुन येते कि."

गजाली_रोजच्या
सोपा नियम सांगतो. शब्दाला प्रत्यय लागला की त्याच्या शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करायचा. जमीन, पण जमिनीत. वीज, पण विजेचे. हे एक जमले की निम्म्या चुका जातात. दुसरे असे की टंकलेखनात 'किनाऱ्यावर' हा शब्द बहुतेक जण 'किनार्यावर' असा उमटवतात. वर्डमध्ये 'र्या' शोधून सगळीकडे एकदम 'ऱ्या' करून टाका, पाच मिनिटांचे काम आहे.

देवगडची_आई
माझ्या मुलाचा प्रकल्प गेल्या वर्षी संदर्भसूचीसाठी दोनदा परत आला होता, शुद्धलेखनाबद्दल मात्र कोणी अवाक्षरही काढले नाही. त्यामुळे आधी महाविद्यालयाला संदर्भ कोणत्या पद्धतीने हवे आहेत ते विचारून घ्यावे, असे मला वाटते. आणि मैत्रिणीचा प्रकल्प तुम्ही लिहून देणे हे नियमात बसते का, याचीही चौकशी करावी.

खाडीकाठची
ताई, मी लिहून देत नाही, केवळ तपासते आहे. संदर्भांची पद्धत तिने आधीच विचारून घेतली आहे.

शाई_आणि_खूण
मी बरीच वर्षे छापखान्यांसाठी मुद्रिते तपासली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमची अडचण मराठीची नसून वाचण्याच्या रीतीची आहे. मजकुराचा अर्थ कळू लागला की डोळा अक्षरांवरून घसरत जातो आणि जे असायला हवे तेच त्याला दिसते. म्हणून एकाच वाचनात सगळे पकडण्याचा हट्ट सोडावा. तुम्ही दिलेल्या वाक्यातच चुकांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाला पकडण्याची रीत निराळी आहे.

पहिला प्रकार ठरावीक चुकांचा. 'असुन', 'दिसुन' येथे 'ऊन' हा प्रत्यय दीर्घ हवा. 'जिल्ह्यातिल'चे 'जिल्ह्यातील' हवे. वाक्ये जोडणारा 'की' दीर्घ हवा. आणि 'वादळामुळे' हा एकच शब्द आहे, तो तोडता येत नाही. लेखक अशी चूक सहसा एकदाच करत नाही, ती त्याच्या बोटांत बसलेली असते. म्हणून पहिली दहा पाने सावकाश वाचून मैत्रिणीच्या सवयींची यादी करा आणि मग Ctrl+F ने एकेक सवय सबंध प्रकल्पात शोधा. मुळे, साठी, पासून, मध्ये हे शब्द आधी एक मोकळी जागा टाकून शोधले, तर तुटलेले सगळे सापडतील. मात्र '१९८१ मध्ये' यासारखी आकड्यानंतरची मोकळी जागा चूक धरू नका.

दुसरा प्रकार अधिक फसवा. 'बोटीचे नुकसान' यात शुद्धलेखनाची चूक नाही, त्यामुळे संगणकही तिथे अडणार नाही. पण नुकसान एका बोटीचे झाले की अनेक बोटींचे? आसपासच्या तक्त्यात अनेक बोटी असतील, तर येथे अनुस्वार गळला आहे. अनेकवचनी नामांवरचे अनुस्वार हाताने लिहिताना सुटतात, तसेच टंकताना सुटतात. ते शोधण्यासाठी छापील प्रत घ्यावी, ओळीखाली पट्टी धरावी आणि चा, ची, चे, ना, नी यांपैकी काही लागलेले प्रत्येक नाम दिसले की 'एक की अनेक?' असे स्वतःला विचारावे. काम कंटाळवाणे आहे, पण याला आडवाट मला तरी सापडलेली नाही.

तिसऱ्या प्रकाराला तुम्ही हात लावू नये. १९८१ मध्ये स्थापन झाले ते काय? सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी, त्यामुळे जिल्ह्याबद्दल वर्ष बरोबर आहे. पण वाक्याच्या रचनेवरून ते रापण संघाचेही असू शकते. भरपाई न मिळालेले 'त्यांना' म्हणजे कोण, हेही कळत नाही. अशा ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह करून लेखिकेला विचारावे. 'सन' आणि 'साली' यांपैकी एक शब्द मात्र तुम्ही बेलाशक काढा.

आता गजालीरावांच्या नियमाबद्दल. तो जमीन, वीज, पूर अशा शब्दांना लागू आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्यातून वगळलेले आहेत. समूहाने, स्वरूपात, शरीरावर येथे दीर्घच राहते. नवशिका तपासनीस 'समुहाने' करून बरोबर असलेले बिघडवतो, आणि तपासून झालेल्या मजकुराकडे पुन्हा कोणी बघत नाही.

खाडीकाठची
तुमचे उत्तर येण्याआधीच मी सगळीकडे 'ऱ्या' करून बसले होते. किनारा सुधारला, पण 'दर्यात जाणारे खलाशी' आता 'दऱ्यात' जात आहेत आणि 'मर्यादा'ची 'मऱ्यादा' झाली आहे. सुदैवाने हे मी प्रतीवर केले होते, मूळ फाइल शाबूत आहे.

गजाली_रोजच्या
दर्या माझ्या ध्यानातच आला नाही. चूक कबूल.

शाई_आणि_खूण
सुटे अक्षर न शोधता 'किनार्या', 'वार्या', 'दुसर्या' असे शब्दच शोधावेत आणि प्रत्येक जागी थांबून बदल करावा. 'सुन' शोधतानाही पुढे मोकळी जागा द्या, नाहीतर 'सुनावणी'सुद्धा हाती लागेल.

खाडीकाठची
आणखी दोन शंका आहेत. मुलाखतीत एका वयस्क रापणकरांचे "आता बांगडो गावना नाय" असे उद्गार आहेत, ते शुद्ध करावेत का? आणि मैत्रिणीने कुठे 'मच्छीमार', तर कुठे 'मच्छिमार' लिहिले आहे. योग्य कोणते?

शाई_आणि_खूण
अवतरणातील मालवणीला हात लावू नका, ती त्या माणसाची साक्ष आहे. ध्वनिमुद्रण असेल तर ते ऐकून शब्द ताडून पाहा, एवढेच. निवेदनात मात्र 'केले' आणि 'केलं' यांची सरमिसळ नको.

'मच्छी' हा मराठी शब्द असल्यामुळे मी 'मच्छीमार' लिहितो.

गजाली_रोजच्या
आमच्या बंदरावरील सोसायटीच्या फलकावर 'मच्छिमार' आहे. तो काय चुकीचा म्हणायचा?

शाई_आणि_खूण
संस्थेचे नाव नोंदणीत जसे असेल तसेच ठेवायचे. बाकी मजकुरात कोणतेही एक रूप धरावे. यावर आम्हा मुद्रितशोधकांतही एकमत नाही.

खाडीकाठची
मैत्रिणीला १९८१ बद्दल विचारले. ते वर्ष जिल्ह्याचेच आहे, संघ त्याआधीपासून आहे आणि भरपाई बोटमालकांना मिळाली नाही, असे ती म्हणते. वाक्य आता असे केले आहे: "सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये स्थापन झाला. या जिल्ह्यातील रापण संघाच्या बोटींचे वादळामुळे नुकसान झाले असून बोटमालकांना भरपाई मिळाली नाही, असे दिसून येते." शेवटचा 'की' काढला, कारण त्याच्या पुढे काहीच नव्हते. 'मच्छीमार'चा निर्णय तिच्या मार्गदर्शकांवर सोडला आहे. उद्या पट्टी घेऊन अनुस्वारांना बसते.