'म्हणे' आणि 'म्हटलं' : वाढदिवसाच्या मेसेजात कुठला शब्द जड होतो?

रंकाळ्याचा वारा : अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीचा परवा वाढदिवस आहे. एकमेकांना तू-मी करतो, चहाला चौघंपाचजण मिळून जातो, दोनदा गंगावेशीत दूध प्यायलाही गेलो होतो. ती मला आवडते, पण हे अजून तिला कळवलेलं नाही आणि वाढदिवसादिवशी एकदम अंगावर घालायचंही नाही. थट्टेत थोडं कळावं, नाही पटलं तर तिला हसून सोडून देता यावं, असं लिहायचंय. मी हे लिहिलंय : "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा गं. तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही. अशीच हसत राहा. हक्कानं पार्टी मागतोय." यात कुठला शब्द खटकतो?

शब्दखाटीक : 'हार्दिक' काढा. हृद् पासून हार्दिक, म्हणजे हृदयातून. ही सरळ कबुलीच झाली की! आणि 'गं' फक्त बायकोला नाहीतर बहिणीला.

मुळाक्षर : मी लक्ष्मीपुरीत एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो, तेव्हा वाढदिवसाच्या जाहिराती पोत्यानं वाचल्यात. व्युत्पत्ती तुमची बरोबर, निष्कर्ष चुकला. 'हार्दिक'मधलं हृदय कधीच झिजून गेलं. चौकातल्या प्रत्येक फलकावर भावी नगरसेवकाच्या डोक्यावर तोच शब्द असतो. (शेजारी 'अभिष्टचिंतन', तेही ऱ्हस्व भि घालून. अभि अधिक इष्ट म्हणजे अभीष्ट, दीर्घ. निम्मं आयुष्य त्या एका वेलांटीत गेलं.) हार्दिकचा दोष जडपणा नाही, कोरडेपणा आहे. तिला वाटेल, ग्रुपवरचं उचलून पाठवलं.

'गं'चंही तसं नाही. वर्गातली पोरं-पोरी बरोबरीनं रे-गं करतात. रोज बोलताना 'गं' येत असेल तर मेसेजात यावा. रोज येत नसेल आणि आजच आला, तर तो एकच अनुस्वार तिला दिसेल.

जड आहेत ते 'तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही' आणि 'हक्कानं'. पहिल्याला तिनं काय उत्तर द्यायचं? दुसऱ्यात, जो हक्क तिनं दिलेला नाही तो तुम्ही घेऊन बसलात.

दादा झालेला : 'हक्कानं'चा अनुभव माझ्याकडून घ्या. कॉलेजात असताना एकीला लिहिलं होतं, "हक्काच्या माणसाकडून शुभेच्छा." उत्तर आलं, "थँक्यू दादा, तुम्ही खरंच भावासारखे आहात." पुढची तीन वर्षं राखी बांधून घेतली.

पेठेतली : दादा, वाईट वाटलं, पण हसू आवरेना 😄 वाऱ्या, एक सांग, ती बोलते कशी? म्हणजे 'मी येते' म्हणते की 'मी येतो'?

रंकाळ्याचा वारा : 'येतो'च. "मी जातो, उद्या बघतो," असंच.

सदाशिव : माफ करा, मध्येच वाचतोय. 'येतो' म्हणजे तो मुलगा आहे का? मग 'गं' कसा चालेल?

पेठेतली : पुण्याचे दिसताय. आमच्यात पोरीपण 'आलो-गेलो' म्हणतात. मी स्वतः लग्नात "मी जेवलो" म्हटलं तर सासरची माणसं बघतच राहिली. मुद्दा असा की ती कोल्हापुरी बोलते, तर तूही तिच्याशी तसंच लिही. पुस्तकी मराठीत थट्टा केली की शाळेच्या निरोप समारंभाचं भाषण वाटतं.

मुळाक्षर : बरोबर. आणि कोल्हापुरीत या कामाला दोन सोयी आहेत. एक म्हणजे खोटा मान. रोज 'तू' म्हणता ना? मग त्या दिवशी 'तुम्ही' करा. "काय वो मॅडम, मोठ्या झालासा." हा 'वो' म्हणजे 'अहो'चंच घासलेलं रूप आणि 'झालासा'तला 'सा' आपला इकडचा. रोजच्या 'तू'वर एकदम असा मान आला की थट्टा आहे हे सांगावं लागत नाही. पण ज्यांचं मुळात 'तुम्ही'च चालू आहे त्यांनी हे करू नये. तिथं तो नुसता आदर वाचला जातो.

दुसरी सोय 'म्हणणे' या धातूची. 'म्हणे' आणि 'म्हटलं' ही दोन रूपं शेजारी ठेवून बघा. "आज तुझा वाढदिवस आहे" यात मी तारीख लक्षात ठेवली हे उघडं पडतं. "आज वाढदिवस हाय म्हणं तुमचा" म्हटलं की ते लोकांच्या तोंडावर ढकललं जातं. मी ऐकलं, खरं-खोटं तुम्हाला माहीत. महिनाभर दिवस मोजलेत हे तिलाही कळतं, पण कुणी पकडू शकत नाही. 'म्हटलं' उलटं चालतं. ते बोलणं स्वतःच्याच मनाशी होतं. "संध्याकाळी दूध प्यायला येशील का?" या प्रश्नाला हो-नाही द्यावं लागतं. "म्हटलं, संध्याकाळी एक ग्लास आपल्याकडनं" याला उत्तर दिलं तर दिलं, नाहीतर मनातला विचार मनातच राहिला.

रंकाळ्याचा वारा : भारी! मग हे बघा : "काय वो मॅडम, आज वाढदिवस हाय म्हणं तुमचा! एक वर्षानं मोठ्या झालासा, आता तरी दुधाची मिशी पुसत जावा. म्हटलं, संध्याकाळी कट्ट्यावर एक ग्लास आपल्याकडनं." समोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास देतात ना, तो ती एका दमात पिते आणि वर पांढरी रेघ उमटते.

पेठेतली : मिशी!! अरे बाबा, पोरीला वाढदिवसादिवशी 'मिशी' म्हणायचं नसतं. तू फेसाबद्दल बोलतोयस, ती पार्लरबद्दल वाचेल.

शब्दखाटीक : मग 'ओठावरचा फेस' लिहा. काव्यात्मही आहे.

मुळाक्षर : नको, नको. 'ओठ' आला की थट्टा संपली. अंग आलं तिथं. शब्द तोच फेस, पण कुठं लावता त्यावर सगळं आहे.

पेठेतली : नाक! नाकाच्या शेंड्याला लागतो की नाही?

रंकाळ्याचा वारा : लागतो. दोन्ही वेळेला लागला होता.

पेठेतली : बघ, 'दोन्ही वेळेला' हे तुला आठवतंय. तेवढं तिला दिसलं की पुरे, 'तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही' लिहायची गरजच नाही. आणि रात्री बाराच्या ठोक्याला पाठवू नकोस. बारापर्यंत जागलास असं होईल, मग तुझं ते 'म्हणं' काय कामाचं? सकाळी नऊ-दहाला जाऊ दे.

सदाशिव : 'जावा' हे आज्ञार्थी रूप आहे का? आमच्याकडे जावा म्हणजे दोन भावांच्या बायका.

मुळाक्षर : आमच्याकडे दोन्ही.

रंकाळ्याचा वारा : (दोन दिवसांनी) पावणेदहाला पाठवला. "काय वो मॅडम, आज वाढदिवस हाय म्हणं तुमचा! एक वर्षानं मोठ्या झालासा, आता तरी दूध पिताना नाकाला फेस लावून घेऊ नगासा. दोन्ही वेळेला मोजलाय. म्हटलं, संध्याकाळी कट्ट्यावर एक ग्लास आपल्याकडनं." अकराला उत्तर आलं, "थँक्यू वो साहेब. कुणी म्हणं सांगितलं वाढदिवस हाय? बघतो."

शब्दखाटीक : अभिनंदन! तिनं 'वो' परत दिला. लग्नानंतर 'अहो' होतो तो हाच.

मुळाक्षर : घाई करू नका. 'वो' आणि 'म्हणं' दोन्ही परत आले म्हणजे थट्टा पोचली, इतकंच.

रंकाळ्याचा वारा : आणि 'बघतो'?

पेठेतली : मी 'बघतो' म्हटलं की बहुतेक वेळा जात नाही.

दादा झालेला : माझी बायकोही कोल्हापूरचीच. 'बघतो' म्हणाली होती आणि माझ्याआधी येऊन उभी होती.

मुळाक्षर : यात व्याकरण काही मदत करणार नाही.

रंकाळ्याचा वारा : ठीक. मी सहाला गंगावेशीत जातोय, तसाही दूध प्यायचंच होतं.

पेठेतली : 'तसाही' चांगला वापरलास.